उंच इमारतीतील जिन्याचे प्रेशरायझेशन आणि स्टॅक इफेक्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंच इमारतींच्या जिन्यांमधील प्रेशरायझेशन यंत्रणा, म्हणजे आगीच्या वेळी धूर येऊ नये म्हणून फॅनने हवा भरून जिन्यातला दाब वाढवणारी यंत्रणा, तपासून सुरू करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. सोसायटीचे पदाधिकारी, वास्तुविशारद आणि नव्याने या क्षेत्रात आलेले अभियंते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एकच उदाहरण शेवटपर्यंत हाती राहावे म्हणून सर्व हिशेब 40 मजली, 120 मीटर उंचीच्या एका जिन्यासाठी केले आहेत.

स्टॅक इफेक्ट म्हणजे नेमके काय?

चुलीवरच्या धुराड्यात धूर वर चढतो, त्याच कारणाने उंच इमारतीतील हवाही वर किंवा खाली सरकते. गरम हवा हलकी असते आणि थंड हवा जड असते. इमारतीच्या आत 120 मीटर उंचीचा ऊबदार हवेचा स्तंभ असेल आणि बाहेर तेवढ्याच उंचीची थंड हवा असेल, तर दोन्ही स्तंभांच्या वजनांत फरक पडतो. त्या फरकामुळे बाहेरची हवा खालच्या मजल्यांवरील फटींतून आत शिरते, जिना, लिफ्टची विहीर, पाइपांच्या डक्ट अशा उभ्या वाटांनी वर चढते आणि वरच्या मजल्यांवरील फटींतून बाहेर पडते. यासाठी पंखा लागत नाही आणि वाराही लागत नाही, केवळ तापमानातील फरक आणि उंची पुरते.

मध्ये कोठेतरी अशी एक पातळी असते, जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो. तिला तटस्थ पातळी म्हणतात. फटी सर्व मजल्यांवर सारख्या असतील तर ती साधारण मध्यावर येते, आणि एखादे मोठे उघडे दार असेल तर ती त्या दाराच्या दिशेने सरकते. या पातळीपासून जितके दूर जावे तितका दाबातील फरक वाढतो. तो पुढील सूत्राने काढता येतो. यात दाब पास्कलमध्ये, उंची मीटरमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये धरायचे असते.

```
Δp = 3460 × (1/To − 1/Ti) × h
```

यातील `To` हे बाहेरचे तापमान, `Ti` हे आतले तापमान आणि `h` हे तटस्थ पातळीपासूनचे अंतर होय.

आग खालच्या मजल्यावर असताना वरच्या मजल्यांवरची माणसे का दगावतात?

धूर त्याच उभ्या वाटांनी जातो म्हणून. आग तटस्थ पातळीच्या खाली असेल, तर तेथील हवा आधीपासूनच जिन्याकडे आणि लिफ्टकडे ओढली जात असते, आणि धूर तिच्याबरोबर विहिरीत शिरतो. मधल्या काही मजल्यांवर तो फारसा जाणवत नाही, कारण तेथे विहिरीतून मजल्याकडे ढकलणारा दाबच नसतो. तटस्थ पातळी ओलांडल्यावर मात्र तो प्रत्येक दाराच्या फटीतून मजल्यांवर येऊ लागतो. आगीपासून सर्वांत दूर असलेला मजला सर्वांत सुरक्षित, हा समज म्हणूनच घातक आहे.

21 नोव्हेंबर 1980 रोजी लास व्हेगासमधील एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये आग लागली. आग तळाशी असलेल्या कॅसिनोच्या भागातच राहिली, परंतु 85 जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुसंख्य वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून गेले. जिने, लिफ्टच्या विहिरी आणि भूकंपासाठी इमारतीत सोडलेले उभे सांधे या वाटांनी धूर वर पोचला होता. तेथे धूर वर ढकलण्यात आगीच्या स्वतःच्या उष्णतेचाही वाटा होता. या दोन्ही बळांच्या विरोधात जिना निर्धूर ठेवणे हेच प्रेशरायझेशनचे काम आहे.

मुंबईसारख्या उष्ण ठिकाणी स्टॅक इफेक्ट होतो का?

होतो, पण सहसा उलट दिशेने आणि बराच कमी. मे महिन्यात बाहेर 35 अंश आणि वातानुकूलित कार्यालयात 24 अंश तापमान असेल, तर आतली हवा जड असते आणि ती उभ्या वाटांनी खाली उतरते. वरील सूत्राप्रमाणे आपल्या 120 मीटर इमारतीत, मध्यापासून 60 मीटरवर, हा फरक सुमारे 25 पास्कल येतो. अशा वेळी वरच्या मजल्यावरील आगीचा काहीसा थंड झालेला धूर लिफ्टच्या विहिरीतून खालच्या मजल्यांवर उतरू शकतो. ज्यांच्या मनात धूर म्हणजे वरच जाणारी गोष्ट असे पक्के बसले आहे, त्यांना हे विचित्र वाटते. खिडक्या उघड्या असलेल्या निवासी इमारतीत आत-बाहेर तापमान जवळपास सारखेच असते आणि हा परिणाम नगण्य राहतो.

आता तोच हिशेब शिकागोसाठी करून पाहावा. जानेवारीतील कडाक्याच्या रात्री बाहेर उणे 20 आणि आत 22 अंश असताना दर मीटरला 1.95 पास्कल, म्हणजे 60 मीटरवर सुमारे 117 पास्कल फरक येतो. तेथील अभियंत्यांची काळजी आणि आपली काळजी वेगळी का, हे या दोन आकड्यांतून कळते. थंड देशात स्टॅक इफेक्ट जिन्याचे गणित बिघडवतो, तर मुंबई-पुण्यात ते बहुतेक वेळा दारे, डक्ट आणि फॅनचे नियंत्रण यांमुळे बिघडते.

जिन्यात हवा भरल्याने धूर कसा थांबतो?

गच्चीवर किंवा तळाशी बसवलेला फॅन बाहेरची स्वच्छ हवा जिन्यात सोडतो. जिन्यातील दाब मजल्यावरील दाबापेक्षा थोडा जास्त झाला, की बंद दाराच्या प्रत्येक फटीतून हवा जिन्याकडून मजल्याकडे वाहू लागते आणि धुराला त्याच फटीतून उलट येता येत नाही. जिन्यातला धूर उपसून काढणे हा येथे हेतू नाही. धूर मुळात आत येऊच नये, एवढ्यासाठीच ही व्यवस्था असते.

यासाठी किती दाब पुरतो, हे आगीवरून ठरते. खोलीतील वायू 800 अंशांपर्यंत तापले, तर त्या खोलीच्या स्वतःच्या तटस्थ पातळीच्या दीड मीटर वर ते सुमारे 13 पास्कल दाबाने दाराकडे ढकलत असतात. अमेरिकेतील एनएफपीए 92 या मानकात स्प्रिंकलर असलेल्या इमारतीसाठी किमान 12.5 पास्कल आणि स्प्रिंकलर नसलेल्या, साधारण पावणेतीन मीटर उंचीच्या छतासाठी किमान 25 पास्कल का मागितले आहेत, हे त्यावरून लक्षात येते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत जिन्यासाठी 50 पास्कलचा आकडा आहे.

50 पास्कल पुरत असतील, तर 100 पास्कल अधिक सुरक्षित नाहीत का?

नाहीत. मला सर्वाधिक वेळा खोडून काढावा लागणारा गैरसमज हाच आहे. मजल्यावरचे दार जिन्याच्या आत उघडते, कारण पळण्याची दिशा तीच असते. जिन्यातला दाब मात्र त्याच दाराला बंद करण्याच्या दिशेने रेटत असतो. दार उघडणाऱ्या माणसाला डोअर क्लोजरची स्प्रिंग आणि हा दाब अशा दोन्ही गोष्टींवर मात करावी लागते.

```
F = Fc + (W × A × Δp) / (2 × (W − d))
```

येथे `Fc` ही क्लोजरवर मात करण्यासाठी लागणारी शक्ती, `W` ही दाराची रुंदी, `A` हे दाराचे क्षेत्रफळ आणि `d` हे मुठीचे कडेपासूनचे अंतर आहे. 1 मीटर रुंद, 2.1 मीटर उंच दार, कडेपासून साडेसात सेंटीमीटरवर मूठ आणि 45 न्यूटनचा क्लोजर धरला, तर 50 पास्कल दाबाला सुमारे 102 न्यूटन लागतात. म्हणजे मुठीशी साधारण दहा किलो वजन लावल्यासारखे होते. 80 पास्कलला तीच शक्ती 136 न्यूटन होते. अमेरिकी मानकांत ही मर्यादा 133 न्यूटन आहे आणि युरोपीय ईएन 12101-6 मध्ये तर ती 100 न्यूटन आहे. या दारासाठी 77 पास्कल हीच 133 न्यूटनच्या हिशेबाने वरची हद्द ठरते.

आठ-दहा वर्षांचे मूल, सत्तरीतल्या आजी किंवा कडेवर बाळ असलेली आई अंधारात ते दार उघडणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेवून हा आकडा वाचावा. जे दार उघडतच नाही, त्याच्यामागचा जिना कितीही निर्धूर असला तरी त्या माणसासाठी तो नसल्यातच जमा आहे. म्हणून जिन्याच्या प्रत्येक दारावर दाब दोन मर्यादांच्या मध्ये राहायला हवा. खालची मर्यादा धूर ठरवतो आणि वरची मर्यादा माणसाच्या हातातील बळ ठरवते.

फॅन केवढा लागतो, आणि मोठा घेतला तर काय होते?

बंद दारे धरून सुरुवात करू. जिन्यात उघडणाऱ्या एकपाखी दाराच्या फटींचे क्षेत्रफळ साधारण 0.01 चौरस मीटर धरतात. अशी 40 दारे म्हणजे 0.4 चौरस मीटर होतात. भिंतीतील भेगा आणि न दिसणाऱ्या गळत्यांसाठी निम्मे आणखी मिळवले, तर 0.6 होतात.

```
Q = 0.83 × A × √Δp
```

येथे `Q` ही सेकंदाला लागणारी हवा घनमीटरमध्ये आणि `A` हे सर्व फटींचे क्षेत्रफळ आहे. या सूत्रात 50 पास्कल घातल्यावर सेकंदाला सुमारे 3.5 घनमीटर हवा लागते. आता माणसे उतरू लागली आणि तीन दारे एकाच वेळी उघडी राहिली, असे समजा. उघड्या दारातून धूर उलट येऊ नये म्हणून तेथून हवा सेकंदाला साधारण 1 मीटर वेगाने बाहेर जायला हवी. 2.1 चौरस मीटरच्या तीन दारांतून 6.3 घनमीटर, आणि उरलेल्या फटींतून जाणारी हवा धरून, आकडा सेकंदाला 10 घनमीटरच्या आसपास पोचतो. म्हणजे दारे उघडी असताना लागणारी हवा बंद दारांच्या सुमारे तिप्पट आहे.

सगळी अडचण या तिपटीत आहे. दारे उघडी राहणार म्हणून 10 घनमीटरचा फॅन बसवला आणि नंतर सर्व दारे बंद झाली, तर तेवढीच हवा 0.6 चौरस मीटरमधून बाहेर काढण्यासाठी 400 पास्कलहून अधिक दाब लागेल, आणि दार उघडायला 500 न्यूटन, म्हणजे पन्नास किलोच्या आसपास जोर लागेल. प्रत्यक्षात दाब वाढला की फॅनची हवा काहीशी कमी होते, त्यामुळे आकडा इतका जात नाही, परंतु दार अडकायला त्याच्या चौथा हिस्साही पुरतो.

म्हणून फॅनबरोबर दाब आवरण्याची सोय अनिवार्य आहे. एक मार्ग म्हणजे जिन्याच्या भिंतीत वजन लावलेला रिलीफ डॅम्पर, जो ठरलेल्या दाबाला आपोआप उघडतो. दुसरा मार्ग म्हणजे दाबाचा सेन्सर आणि व्हीएफडी, ज्यामुळे फॅनचा वेग कमी-जास्त होतो. माझे मत विचाराल, तर निवासी इमारतीत मी डॅम्परला पसंती देईन. व्हीएफडी अचूक असतो, पण सेन्सरची बारीक नळी धुळीने तुंबली किंवा रंगकाम करणाऱ्याने तिच्यावर रंग मारला, तर फॅन भलताच वेग धरतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. डॅम्पर हाताने ढकलून पाहता येतो. तो गंजला असेल तर समोर दिसतो.

थंड प्रदेशात स्टॅक इफेक्ट या गणितात कसा शिरतो?

शिकागोच्या उदाहरणाकडे परत जाऊ. जिन्यातील हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक असेल, तर जिन्याच्या दारावरचा दाब तळापासून माथ्यापर्यंत बदलत जातो. हा बदल किती, हे दोन फटींच्या प्रमाणावर अवलंबून असते. एक फट म्हणजे जिना आणि मजला यांच्यामधली, आणि दुसरी म्हणजे मजला आणि बाहेरची हवा यांच्यामधली. दोन्ही सारख्या धरल्या, तर एकूण फरकाचा निम्मा भाग जिन्याच्या दारावर येतो आणि उरलेला बाहेरच्या भिंतीवर पडतो.

जिन्यात 22 अंशांपर्यंत तापवलेली हवा सोडली, तर 120 मीटरमध्ये एकूण 234 पास्कल आणि त्याच्या निम्मे म्हणजे 117 पास्कल इतका बदल दारांवर येईल. तळाच्या दारावर किमान 25 पास्कल ठेवायचे ठरवले, तर माथ्याच्या दारावर 142 पास्कल होतील, आणि आपली वरची हद्द तर 77 आहे. असा जिना एका फॅनने कोणत्याही वेगावर नीट चालणार नाही, कारण तळ सांभाळला तर माथा अडतो आणि माथा सांभाळला तर तळाशी धूर शिरतो.

आता तीच हवा न तापवता सोडली आणि भिंतींच्या उबेने जिना उणे 8 अंशांवर स्थिरावला, असे धरू. दारांवरचा एकूण बदल 37 पास्कलवर येतो. तळाला 25 असताना माथ्याला 62 पास्कल होतात आणि जिना मर्यादेत बसतो. लोक थंडीने कुडकुडतील म्हणून हवा तापवावी, ही सूचना माणुसकीने केलेली असते, पण ती जिन्याच्या मुळावर येते. बाहेर आणि जिन्यात हवा जितकी सारखी, तितका दाब सर्व दारांवर सारखा, हे तत्त्व येथे कामाला येते.

मुंबईत फॅन बाहेरची 35 अंशांची हवा भरत असतो आणि जिना फार तर 33 अंशांवर असतो. त्याच हिशेबाने दारांवरचा फरक साडेचार पास्कलही भरत नाही.

हा हिशेब मजल्या-मजल्यांत इतर उभी गळती नाही असे मानून केलेला आहे. लिफ्टच्या विहिरी आणि डक्ट धरायच्या झाल्या, तर हाताने गणित करणे पुरत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेला कॉन्टॅम हा प्रोग्राम वापरतात. तो प्रत्येक मजला, प्रत्येक दार आणि प्रत्येक फट मांडून हवेचा हिशेब सोडवतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. बाहेरची काच घट्ट बसलेली असेल, तेव्हा स्टॅक इफेक्टचा बराचसा भार तीच उचलते. आगीत काच फुटली, की त्या मजल्यापुरता तो भार जिन्याच्या दारावर येतो. म्हणून गणित करताना आग लागलेल्या मजल्याची खिडकी उघडी धरूनही एकदा तपासावे.

हवा जिन्यात एकाच जागी सोडली तर चालते का?

सात-आठ मजल्यांपर्यंत चालते. त्यापुढे जिना स्वतःच हवेला अडवू लागतो. पायऱ्या, वळणे आणि कठडे यांमुळे प्रत्येक मजल्यावर थोडा दाब खर्च होतो, आणि माथ्यावर सोडलेली हवा तळापर्यंत पोचता पोचता क्षीण होते. फॅनजवळचे दार उघडले, तर बहुतेक हवा तेथूनच निघून जाते. यासाठी जिन्याला लागून एक वेगळी उभी डक्ट नेऊन तिच्यातून ठरावीक मजल्यांवर जाळ्यांमधून हवा सोडतात. युरोपीय मानकात 11 मीटरपेक्षा उंच इमारतीत दोन जाळ्यांमध्ये तीन मजल्यांहून अधिक अंतर नसावे, असे म्हटले आहे.

काही वर्षांपूर्वी एका निवासी टॉवरमध्ये तपासणीला गेलो असताना माथ्याच्या दारावर 84 पास्कल आणि तळमजल्याजवळच्या दारावर 9 पास्कल अशी नोंद आली. नकाशावर दर तिसऱ्या मजल्यावर जाळी दाखवली होती आणि त्या जागी जाळ्या बसवलेल्याही होत्या. ठेकेदाराचे म्हणणे पडले की फॅनचा वेग वाढवावा. तसे केले असते तर तळाला दोन-चार पास्कल वाढले असते आणि माथ्याचे दार कुणालाच उघडता आले नसते.

आम्ही उदबत्ती पेटवून एकेका जाळीसमोर धरत खाली उतरत गेलो. वरच्या मजल्यांवर धुराची रेघ जोराने आडवी होत होती, एकोणिसाव्या मजल्यावर ती जेमतेम हलली आणि सोळाव्यावर सरळ वर चढू लागली. जाळी काढून टॉर्च मारला तेव्हा विटांच्या डक्टमध्ये स्लॅबच्या वेळची फळी आडवी अडकलेली दिसली, आणि तिच्यावर वाळलेल्या मसाल्याचा ढीग साचला होता. डक्टला आतून गिलावाही नव्हता, त्यामुळे वरची बरीच हवा विटांच्या सांध्यांतून झिरपत होती. फळी काढली, पोचता आले तेथे सांधे भरले, वरच्या जाळ्यांचे डॅम्पर आवळले आणि खालचे मोकळे केले. दुसऱ्या फेरीत सर्व दारांवरची नोंद 44 ते 59 पास्कलच्या मध्ये आली आणि फॅनचा वेग उलट थोडा कमी करावा लागला.

विटांच्या डक्टला आतून गिलावा करणे डक्ट उभी राहत असतानाच शक्य असते. नंतर तिच्यात माणूस उतरू शकत नाही. बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी मी दुसरे काही पाहण्याआधी हेच पाहतो.

मजल्यावरचे दार उघडल्यावर हवा पुढे कोठे जाते?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. उघड्या दारातून जिन्यातली हवा मजल्यात शिरायची, तर मजल्यावरची तेवढीच हवा बाहेर पडायला वाट हवी. काचेने पूर्ण बंद केलेल्या मजल्यावर अशी वाट नसते. मग काही क्षणांत मजल्याचा दाब जिन्याएवढा होतो, दारातला वारा थांबतो आणि छताजवळचा गरम धूर दाराच्या वरच्या भागातून जिन्यात येऊ लागतो. फॅन जोरात चालू असतो, पण जिना धुराने भरत जातो. उपाय म्हणजे आग लागलेल्या मजल्यावरची धूर काढण्याची डक्ट, किंवा आगीच्या इशाऱ्यासरशी उघडणारी झरोक्यांची सोय. जिन्याची यंत्रणा आणि मजल्याची धूर-निकास यंत्रणा वेगवेगळ्या ठेकेदारांकडे असते, आणि दोन्ही एकत्र चालवून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

अग्निशमन जवान होज घेऊन जिन्यातून मजल्यावर शिरतात, तेव्हा दार त्या होजमुळे पूर्ण वेळ उघडे राहते. 17 ऑक्टोबर 2003 रोजी शिकागोतील 69 वेस्ट वॉशिंग्टन या सरकारी कार्यालयाच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली होती. जवानांनी आग विझवण्यासाठी जिन्याचे दार उघडल्यावर धूर जिन्यात शिरला. वरून उतरणाऱ्या लोकांना पुन्हा मजल्यांवर जाता येईना, कारण दारे जिन्याच्या बाजूने बंद होती. सहा जण जिन्यातच मृत्युमुखी पडले. उघड्या दाराचा हिशेब कागदावर का करायचा, असे कोणी विचारले की मी ही घटना सांगतो.

जिन्याला उघडणारी खिडकी आहे. ती असू द्यावी का?

खिडक्यांमुळे आपोआप हवेशीर राहणारा जिना ही एक वेगळी रचना आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत. फॅन असलेल्या जिन्यात मात्र उघडी खिडकी चालत नाही. आपल्या जिन्याच्या सर्व फटी मिळून 0.6 चौरस मीटर होत्या. एक चौरस मीटरची एकच खिडकी उघडली, तर बंद दारांच्या हिशेबाने दिलेल्या 3.5 घनमीटर हवेत दाब 50 वरून सुमारे 7 पास्कलवर येतो. दाराखाली अडकवलेली वीट आणि घसट कमी व्हावी म्हणून सुताराने खालून तासलेले फायर डोअर यांचाही परिणाम याच जातीचा असतो. तासलेल्या दाराबद्दल मला विशेष राग आहे, कारण वीट काढून टाकता येते, पण तासलेले दार बदलावेच लागते.

फॅनने बाहेरचा धूरच आत ओढला तर?

ही शक्यता खरी आहे, विशेषतः फॅन गच्चीवर असेल आणि खालच्या मजल्याच्या खिडकीतून निघालेला धूर भिंतीला लागून वर येत असेल तेव्हा. हवा घेण्याच्या तोंडाशी धूर ओळखणारा डिटेक्टर हवा. गच्चीवरच्या फॅनसाठी वेगवेगळ्या दिशांना दोन तोंडे ठेवावीत आणि ज्या बाजूला धूर येईल ती डॅम्परने बंद व्हावी. डिझेल जनरेटरचा धुराडा किंवा तळघराची धूर काढणारी डक्ट या तोंडाजवळ नसावी.

आमच्या सोसायटीने यंत्रणा कशी तपासावी?

महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावे लागते. त्या तपासणीत फॅन चालू करून आवाज ऐकला जातो आणि बहुतेक ठिकाणी तपासणी तेथेच संपते. फॅन फिरतो एवढ्यावरून दारावर दाब आहे असे ठरत नाही. तीन फेज उलट जोडल्या गेल्या तरी फॅन फिरतो, पण अपेक्षित हवा मिळत नाही.

तपासणीच्या दिवशी संस्थेला डिजिटल मॅनोमीटर आणि स्प्रिंगचा काटा घेऊन यायला सांगावे. सर्व दारे बंद करून फॅन आगीच्या इशाऱ्यावर, म्हणजे अलार्म पॅनेलवरून, सुरू करावा. दाराखालून बारीक नळी सरकवून किमान तळ, मध्य आणि माथा येथे दाब नोंदवावा. जमल्यास प्रत्येक मजल्यावर नोंदवावा. त्यानंतर मुठीला काटा अडकवून दार उघडायला लागणारा जोर मोजावा. मग तळमजल्याचे बाहेर जाण्याचे दार आणि मधल्या कोणत्याही दोन मजल्यांची दारे उघडी ठेवून उरलेल्या दारांवरचा दाब पुन्हा घ्यावा आणि उघड्या दारातला वारा मोजावा. शेवटी ती दारे सोडून द्यावीत आणि क्लोजर त्यांना दाबाविरुद्ध नव्हे तर दाबाच्या मदतीने नीट लावतो का, पाहावे. तळमजल्याचे दार बहुतेक बाहेर उघडते, आणि जिन्यातला दाब त्याला उघडे ढकलतो. ते किंचित उघडे राहिलेले आढळले, तर त्याच्या क्लोजरची स्प्रिंग वाढवावी लागते.

याच वेळी मुख्य वीज बंद करून फॅन जनरेटरवर येतो का, हेही पाहावे. आकडे मजल्यानुसार तक्त्यात लिहून, बाहेरचे तापमान आणि तारीख टाकून ते जपून ठेवावेत. पुढच्या जुलैमध्ये एखाद्या दारावर 48 ऐवजी 20 पास्कल आले, तर जिन्यात नेमके कोठे काय बदलले, हे शोधायला तोच तक्ता उपयोगी पडतो.